एक व्यंजन, एक स्वर, परत व्यंजन... असे शब्द कुठून शोधायचे?

कोडेबाज
मंडळी, मदत हवी आहे. आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात शब्दकोडं माझ्याकडे असतं. तेच ते आडवे-उभे शब्द देऊन कंटाळा आला, म्हणून यंदा बुद्धिबळाच्या पटासारखं कोडं करायचं ठरवलंय. काळ्या घरात फक्त व्यंजन, पांढऱ्या घरात फक्त स्वर. एका घरात अख्खं अक्षर नाही, एकच ध्वनी. म्हणजे 'कागद' हा शब्द पाच घरं घेतो: क्, आ, ग्, अ, द्. पट तसाच असल्यामुळे शब्द आडवा लिहा नाहीतर उभा, स्वर आणि व्यंजन आलटून पालटूनच यायला हवेत. 'आई' बाद, कारण दोन स्वर शेजारी. 'रस्ता' बाद, कारण दोन व्यंजनं शेजारी.

साधारण तीन ते सात ध्वनींचे शब्द हवेत. डोक्यातून काढायला बसलो की तेच दहा-बारा फिरून फिरून येतात. काही पद्धत आहे का?

खवचट_खारुताई
यात अवघड काय आहे? आपली लिपीच अशी आहे. प्रत्येक अक्षर म्हणजे व्यंजन अधिक स्वर. जोडाक्षर नसलेला कुठलाही मराठी शब्द तुमच्या नियमात बसतो. शब्दकोश उघडा, जोडाक्षरं गाळा, कोडं तयार. ह.घ्या.

पंतांची_सून
बिनकाना-मात्रेचे शब्द हवेत ना? आमच्या लेकीला पहिलीत भरपूर लिहायला लावले होते. कमल, नमन, गवत, सरबत, अडगळ, फणस, मगर, बदक. वही अजून आहे, फोटो टाकू का?

कोडेबाज
@पंतांची_सून, काना-मात्रा चालतील हो. फक्त स्वर-व्यंजन आळीपाळीने हवेत. तरी तुमच्या यादीतले गवत, फणस, बदक उचलले, धन्यवाद!

@खारुताई, आधी मलाही तसंच वाटलं होतं. पण 'भाकरी' मांडायला घेतलं आणि अडलो. भ्, आ, क्... पुढे अ लिहायचा का? आपण तर 'भाक्री' म्हणतो.

मुद्रितशोधक_निवृत्त
अडलात तिथेच खरा प्रश्न आहे. खारुताईंचं म्हणणं लिपीपुरतं बरोबर आहे, उच्चारापुरतं नाही. लिहिताना प्रत्येक अक्षरात अ दडलेला असतो, बोलताना तो पुष्कळदा गळतो. तेव्हा आधी ठरवा की कोडं कागदावरच्या शब्दाचं आहे की तोंडातल्या.

कागदाप्रमाणे गेलात तर तुमचा 'कागद' पाच घरांचा राहत नाही. शेवटचा अ धरून सहा घरं लागतात, आणि मराठीतला जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरानेच संपतो. मग पटावर व्यंजनाने संपणारी ओळ भरायला शब्दच उरत नाहीत. तुम्ही 'कागद' पाच घरांचा धरलात तेव्हाच नकळत उच्चाराची बाजू घेतलीत, आणि ती बरोबर आहे. फक्त आता ती शेवटपर्यंत निभावावी लागेल.

शेवटचा अ गळतो हे सगळ्यांना कळतं. गोंधळ होतो तो मधल्या अ चा. दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिला: शब्दाच्या मध्ये काना-मात्रा नसलेलं अक्षर आहे आणि त्याच्या पुढच्या अक्षराला काना, मात्रा, वेलांटी काहीतरी आहे. तिथे मधला अ बहुतेक वेळा जातो. भाकरी, नवरा, आमटी, चावडी, पायरी हे सगळे असे बाद. दुसरा: शेवटची तीन अक्षरं कोरी आणि त्यांच्या आधी आणखी एखादं अक्षर. 'करवत' आपण कर-वत म्हणतो, 'दरवळ' दर-वळ. तिथेही दोन व्यंजनं एकमेकांना चिकटतात. पंतांच्या सूनबाईंच्या यादीतले सरबत आणि अडगळ याच कारणाने गेले.

खवचट_खारुताई
बरं बाई, हरले. म्हणजे पाणीपुरी बसते आणि शेवपुरी बसत नाही?

मुद्रितशोधक_निवृत्त
अगदी तसंच. शेव-पुरीत व् आणि प् शेजारी येतात. भेळ चालेल, भेळपुरी नाही. सामासिक शब्दांत हे हमखास होतं, कारण पहिल्या शब्दाचा शेवटचा अ समासातही गळलेलाच राहतो: देवघर, राजवाडा, लोकशाही.

टंकनिका
मी शब्दांच्या याद्यांवर काम करते, म्हणून यंत्राची बाजू सांगते. शुद्धलेखन तपासकाच्या कोशातून शब्दयादी घेतली असेल तर दोन चाळण्या पुरतात. पहिली लिपीची:

```
^[\u0905-\u0914\u0972]?([\u0915-\u0939][\u093E-\u094C]?)+$
```

सुरुवातीला हवा तर एक सुटा स्वर, आणि पुढे नुसती व्यंजनं, काना-मात्रेसह किंवा कोरी. पाय मोडलेलं अक्षर, अनुस्वार, विसर्ग किंवा मध्ये सुटा स्वर असलेला शब्द आपोआप पडतो.

दुसरी चाळणी काकांनी सांगितलेल्या मधल्या अ ची. ही ज्यांना पकडेल ते संशयित:

```
.[\u0915-\u0939][\u0915-\u0939]([\u093E-\u094C]|[\u0915-\u0939]$)
```

पहिलीतून पास आणि दुसरीत न अडकलेले शब्द डोळे मिटून घ्या. अडकलेले एकदा मोठ्याने वाचून ठरवा.

पहिल्या ओळीत 0972 वेगळा लिहिलाय तो 'ॲ' साठी. तो बाकीच्या स्वरांच्या रांगेत नाही, नंतर आलाय. तो विसरलात तर 'ॲसिड' सारखे शब्द गुपचूप गायब होतात. आणि काही जण 'ॲ' न लिहिता अ वर चंद्र टंकतात. दिसायला सारखंच, पण ते दोन संकेत आहेत, त्यामुळे तो शब्द तरीही पडतो. तीच गत काना आणि मात्रा वेगवेगळे टंकून केलेल्या 'ो' ची. यादीत ओकाराचे शब्द संशयास्पद कमी दिसले तर आधी हे तपासा.

बोस्टनचा_बंड्या
मी मोल्सवर्थच्या कोशातले शब्द या चाळणीतून काढले तर 'नाव', 'केळे' असले साधे शब्दही गायब! चाळणीत काहीतरी चुकतंय.

मुद्रितशोधक_निवृत्त
चाळणी ठीक आहे, कोश जुना आहे. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती 1857 ची. त्यात 'नांव', 'केळें' असं असणार. तो अनुस्वार उच्चारात नाही, म्हणूनच 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकला. जुनी यादी वापरायची तर तुम्हाला ते अनुस्वार हाताने काढावे लागतील. सरसकट काढू मात्र नका, नाहीतर 'आनंद' चा 'आनद' होऊन यादीत घुसेल.

बोस्टनचा_बंड्या
आता पेटली. धन्यवाद काका. इकडे मुलं इंग्रजी शब्दांचा हाच खेळ खेळतात, 'बनाना' आणि 'पोटॅटो' वर भांडतात. आमच्या मराठी शाळेत हा प्रकार चालवून बघतो.

रेघोट्या
गंमत म्हणून जिल्ह्यांची नावं चाळली. छत्तीसपैकी 21 लिपीच्या चाळणीतून पास होतात. मोठ्याने वाचल्यावर त्यातले दहा गळतात: पालघर, रायगड, जळगाव, जालना, परभणी, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, नागपूर, गडचिरोली. दहाच्या दहा टंकनिकांच्या दुसऱ्या ओळीत अडकतात. उरले अकरा: पुणे, सातारा, सोलापूर, नाशिक, धुळे, ठाणे, बीड, लातूर, अकोला, वाशिम आणि धाराशिव. उस्मानाबाद या नावाने शेवटचा बसला नसता.

मुंबई दोन्हीकडून नापास. अनुस्वारही आहे आणि शेवटी दोन स्वरही.

शाहूपुरीचा_पैलवान
आणि कोल्हापूर? सोलापूर पास आणि कोल्हापूर नापास, हे कोणत्या न्यायानं?

रेघोट्या
जोडाक्षर आहे राव. ल् आणि ह्.

शाहूपुरीचा_पैलवान
म्हणून बघा की मोठ्यानं. ल् वेगळा आणि ह् वेगळा कोण म्हणतंय? एकाच दमात येतंय ते. 'ख' मध्ये क आणि ह आहे म्हणून त्याला कोण दोन घरं देत नाही, मग 'ल्ह' नं काय घोडं मारलंय? त्याला स्वतंत्र अक्षर मिळालं नाही हा आमचा दोष नाही.

मुद्रितशोधक_निवृत्त
पैलवान, हसण्यावारी नेण्यासारखा मुद्दा नाही हा. म्ह, न्ह, ल्ह हे मराठीतले महाप्राण आहेत, त्यांना एकेक ध्वनी मानणारे भाषा-अभ्यासक आहेत. 'म्हणून' मधला म्ह आणि 'ब्रह्म' मधली जोडी एक नव्हे. तरी छापील कोड्यात अडचण अशी की सोडवणारा ल् पाहतो, ह् पाहतो आणि दोन घरं शोधत बसतो. मी संपादक असतो तर घेतलं नसतं.

शाहूपुरीचा_पैलवान
तुम्ही कोड्याचे संपादक आहात की कोल्हापूरचे विरोधक? माझ्या हिशेबानं जिल्हे बारा.

पंतांची_सून
'ऋ' चं काय करणार मग? 'कृपा' मध्ये कागदावर क्, ऋ, प्, आ. नियमात बसतं. पण आपण 'क्रुपा' म्हणतो.

टंकनिका
बरोबर पकडलंत. माझ्या पहिल्या चाळणीत 'ृ' मात्रा म्हणून शिरते. उच्चाराचं कोडं असेल तर 0943 असलेले शब्द वेगळे काढून टाका. 'ऐ' आणि 'औ' मात्र मी एकेक स्वर धरेन. 'पैसा' ला चार घरं. तिथे वाद घालायचा तर घालता येईल, पण कोड्यात कोणी अ आणि इ वेगळे लिहिणार नाही.

अमरावतीकर_अण्णा
रेघोट्या, आमचं गाव बाद केलंत ते मान्य. आम्ही 'अम्रावती'च म्हणतो. पण मग 'बारामती' ला काय म्हणाल? त्याच चाळणीत ते अडकतं. माझ्या ऐकण्यात कोणी 'बाराम्ती' म्हणत नाही, म वर स्पष्ट अ असतो. आणि आमच्याच 'वती' मधला व सुद्धा गळत नाही.

रेघोट्या
मी तर घाईत 'बाराम्ती' ऐकलंय. एसटीच्या कंडक्टरकडून तर नक्कीच.

खवचट_खारुताई
आणि 'आरती'? आमच्याकडे गणपतीत 'आर्ती' होते. सासरी 'आ-र-ती' म्हणतात, एकेक अक्षर सुटं. 'भारती', 'मालती' याही तशाच दोन घरच्या.

मुद्रितशोधक_निवृत्त
यांचा निकाल लागणार नाही. -ती ने संपणाऱ्या अशा शब्दांत अ कधी टिकतो, कधी जातो. माणसाप्रमाणे, भागाप्रमाणे आणि बोलण्याच्या वेगाप्रमाणे बदलतं. गाताना तर भाकरीतला अ सुद्धा परत येतो, ओवीत नीट ऐका. 'वहिनी' ची तऱ्हा आणखी वेगळी. लिहिल्याप्रमाणे ती सहा घरांत व्यवस्थित बसते, पण निम्मा महाराष्ट्र 'वैनी' म्हणतो. तीही नियमात बसते, मात्र घरं चार. सोडवणाऱ्याच्या मनात शंका येईल असा शब्द कोड्यात घेऊच नये, एवढं पथ्य पाळा. शब्द थोडे नाहीत.

आता धागाकर्त्याच्या मूळ कामाकडे येतो. नुसते शब्द जमवून पट भरत नाही, कारण ओळींच्या जाती दोन आहेत. कोपऱ्यात व्यंजन असेल आणि पट विषम घरांचा असेल तर पहिली, तिसरी, पाचवी ओळ व्यंजनाने सुरू होऊन व्यंजनाने संपते. तिथे कागद, मिसळ, दगड, वरण, लातूर असे शब्द पोत्याने मिळतील. दुसरी आणि चौथी ओळ मात्र स्वराने सुरू होऊन स्वराने संपायला हवी. पाच घरांत असे शब्द हाताच्या बोटांवर मोजावे लागतात: इशारा, उतारा, आरोपी, अबोली, आजोबा, एकाकी, अकोला. गाडी इथेच अडते. म्हणून लहान पटापासून सुरू करा. हा तीन बाय तीनचा पूर्ण भरलेला:

```
घ्  ओ  र्
आ  ल्  ए
व्  आ  घ्
```

आडवे घोर, आले, वाघ. उभे घाव, ओला, रेघ. मी मधला ल् आधी धरला, त्याभोवती 'आले' आणि 'ओला' यांची फुली केली आणि मग चार कोपऱ्यांत व्यंजनं बदलत बसलो. 'घोर' च्या जागी 'भोर' आणि 'घाव' च्या जागी 'भाव' टाकलंत तरी पट तसाच जुळतो.

रेघोट्या
दंडवत!

पंतांची_सून
वा! हे मुलीला दाखवते. अवांतर: सगळ्यात लांब शब्द कोणता मग? मी 'साबुदाणा' वर थांबले, आठ घरं.

खवचट_खारुताई
उपासाच्या दिवशी दुसरं काय सुचणार. 'महाराजाधिराज' घ्या, तेरा घरं, एकही जोडाक्षर नाही.

बोस्टनचा_बंड्या
विभक्ती चालत असेल तर 'महाराजाधिराजाला'. सोळा!

कोडेबाज
विभक्ती नाही चालणार, उगाच फाटे फोडू नका :) सगळ्यांचे आभार. काकांचं वाचून एक पळवाट सुचली. पाच बाय पाचच्या पटात दुसऱ्या आणि चौथ्या ओळीतली मधली व्यंजनाची घरं बुजवून टाकली. म्हणजे स्वराने सुरू होणारे शब्द लागतच नाहीत, आणि आडवे-उभे शब्द एकमेकांना फक्त व्यंजनावर छेदतात. मग काम फारच सोपं होतं. आधी तीन बाय तीन नुसती व्यंजनं मांडायची: क ग द, प ल क, स म न. आडवी वाचून शब्द होतात का पाहायचं, उभी वाचून होतात का पाहायचं, आणि मधले स्वर हवे तसे घालायचे.

```
क्  आ  ग्  अ  द्
आ  ■  उ  ■  उ
प्  आ  ल्  अ  क्
ऊ  ■  आ  ■  आ
स्  आ  म्  आ  न्
```

आडवे: कागद, पालक, सामान. उभे: कापूस, गुलाम, दुकान. 'पालक' पासून सुरुवात केली होती. 'दुकान' शिवाय द आणि क ला काही जमेना, आणि 'दुकान' आल्यावर शेवटच्या ओळीला न हवा हे ठरून गेलं. मग 'सामान' पटकन मिळालं.

टंकनिका
सुरेख. पण एक तपासा. स्वर कुठेच छेदले जात नाहीत, म्हणजे सोडवणाऱ्याला तिथे दुसरा आधार नाही. शेवटच्या ओळीत 'समान' पण बसतं, 'गुलाम' आणि 'दुकान' ला धक्का लागत नाही. 'कापूस' च्या जागी 'कापीस' कोणी लिहिणार नाही, पण 'पालक' च्या जागी 'पुलक' लिहिणारा एखादा निघेल.

कोडेबाज
हो, खरंय. सूत्रं नेमकी द्यावी लागतील. 'सामान' ला 'घर बदलताना ट्रकमध्ये भरतात ते' असं देतो. 'पालक' ला 'डाळीत पडतो, शाळेच्या सभेलाही बोलावतात'.

मुद्रितशोधक_निवृत्त
दुसरं सूत्र छान आहे. आणि कोड्याच्या डोक्यावर एक नमुना शब्द घरांत भरून छापा, शेवटचा अ न लिहिता. नाहीतर पहिल्याच ओळीत 'कागद' ला सहावं घर शोधत लोक तुम्हाला फोन करतील.

शाहूपुरीचा_पैलवान
नमुन्याला 'कोल्हापूर' घ्या. सात घरं, ल्ह ला एक.